गौरी येतात नक्षत्रावर, रजा मिळते मर्जीवर

“गणपतीची सुट्टी झाली की! आता परत रजा कशाला?” भाद्रपदात रजेचा अर्ज टाकणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा प्रश्न येतो. विचारणारा वाईट असतो असं नाही. त्याच्या घरी गौरी नसतील, किंवा असतील तरी त्या उभ्या राहिलेल्या आणि सजलेल्याच त्याने पाहिलेल्या असतील. पण या प्रश्नामुळे अर्ज करणारी व्यक्ती बचावात जाते, आईच्या गुडघ्यांपासून कुळाचारापर्यंत सगळं सांगत बसते, आणि शेवटी “बरं, पूजनाचा एक दिवस घ्या” यावर तोडगा निघतो. तीन दिवसांच्या कुळाचाराला एक दिवस, तोही उपकार केल्यासारखा.

ज्येष्ठागौरींची रजा ही नोकरीतल्या सगळ्यात सोप्या रजांपैकी एक असायला हवी. आजार सांगून येत नाही, मुलाची शाळा ऐनवेळी सुट्टी देते, पण गौरी कधी येणार हे पंचांगात आधीच छापलेलं असतं. तरीही दर वर्षी ती भांडून घ्यावी लागते. याला ऑफिसं जबाबदार आहेतच, पण रजा मागण्याची आपली पद्धतही जबाबदार आहे.

घोटाळ्याचं मूळ तारखांमध्ये आहे. गणेश चतुर्थी ही तिथी आहे, आणि तिथी सूर्य-चंद्रातल्या अंतरावरून ठरते. गौरींचं गणित वेगळं आहे. त्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात, म्हणजे चंद्र आकाशात कुठे आहे यावर त्यांचे दिवस ठरतात. दोन मोजपट्ट्या वेगळ्या असल्यामुळे चतुर्थी आणि आवाहन यांच्यातलं अंतर दर वर्षी सारखं राहत नाही. 2023 मध्ये चतुर्थी 19 सप्टेंबरला होती आणि गौरी 21 ला आल्या, म्हणजे दोनच दिवसांनी. 2022 आणि 2024 मध्ये तीन दिवसांनी आल्या. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला आणि आवाहन 31 ऑगस्टला, म्हणजे चार दिवसांनी. त्यामुळे “गौरी गणपतीच्या तिसऱ्या दिवशी असतात” हे मॅनेजरने मनात धरलेलं गणित एखाद्या वर्षी बरोबर येतं आणि पुढच्या वर्षी चुकतं. मग त्याला वाटतं की समोरचा माणूस आपल्या सोयीने दिवस हलवतोय. चतुर्थीची सुट्टी कॅलेंडरवर लाल असते, गौरींची बहुतेक खासगी ऑफिसांत नसते. काही जिल्ह्यांत जिल्हाधिकारी आपल्या अधिकारातल्या स्थानिक सुट्ट्यांपैकी एक गौरीपूजनाला देतात, पण ती सरकारी कचेऱ्यांपुरती. हिंजवडीतल्या किंवा अंधेरीतल्या कंपनीला तिच्याशी काही घेणंदेणं नसतं.

आता वार पाहा. 2022 मध्ये गौरींचे तीन दिवस शनिवार, रविवार, सोमवार असे आले. पाच दिवसांच्या आठवड्याच्या ऑफिसात एका रजेत काम झालं. 2023 मध्ये गुरुवार ते शनिवार, म्हणजे दोन रजा. 2024 मध्ये मंगळवार ते गुरुवार, म्हणजे तीन. 2025 मध्ये रविवार ते मंगळवार, म्हणजे पुन्हा दोन. चार वर्षांच्या मिळून आठ रजा, सरासरी वर्षाला दोन. ज्या रजेवरून एवढी घासाघीस होते तिचा खरा आकार एवढाच आहे. अडचण फक्त 2024 सारख्या वर्षांची असते, जेव्हा तिन्ही दिवस ऑफिसच्या ऐन आठवड्यात येतात.

मागण्याच्या पद्धतीतली पहिली चूक म्हणजे आपण सण सांगतो, काम सांगत नाही. “घरी गौरी आहेत” एवढ्यावरून ज्याच्या घरी त्या नाहीत त्याला काही कळत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर तासाभराची पूजा आणि आरती येते. प्रत्यक्षात, उभ्याच्या गौरी असलेल्या घरात आवाहनाचा दिवस सकाळी कोठ्या किंवा स्टँड बाहेर काढण्यापासून सुरू होतो. मुखवटे पुसून, दागिने जुळवून, मखर आधीच तयार असेल तरी दोघींना साड्या नेसवणं हे दोन माणसांचं दोन-तीन तासांचं काम आहे. एकजण निऱ्या धरणार, दुसरी टाचण्या लावणार. पदर एकदा घसरला की परत पहिल्यापासून. मग उंबरठ्यापासून देवघरापर्यंत पावलं काढायची, मुहूर्तात गौरी आत आणायच्या, आणि संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य. पूजनाच्या दिवशी पहाटे डाळ शिजायला लागते, कारण सोवळ्याचा स्वयंपाक आदल्या रात्री करून ठेवता येत नाही. पंचवीस पानं असतील तर किलोभर हरभऱ्याची डाळ लागते. तिचं पुरण शिजवून, यंत्रातून काढून चाळीसेक पोळ्या होतात. त्याबरोबर कटाची आमटी, कोशिंबिरी, आणि ज्या घरात सोळा भाज्यांचा रिवाज आहे तिथे त्या सोळा भाज्या. नैवेद्य दुपारी दाखवला की पंगती चारपर्यंत चालतात आणि लगेच हळदीकुंकवाला बायका यायला सुरुवात होते. विसर्जनाचा दिवस त्यामानाने हलका. दोरे घ्यायचे, खिरीचा किंवा दहीभाताचा नैवेद्य, मग मुखवटे हलवायचे आणि सगळा पसारा आवरायचा.

कोकणातल्या खड्याच्या गौरींचं काम वेगळं. नदीवरून किंवा विहिरीवरून पाच-सात खडे मुक्याने आणायचे, म्हणजे साड्या नेसवण्याचा सोपस्कारच नाही. काही घरांत तेरड्याची गौर असते. विदर्भ-मराठवाड्यात ह्यांनाच महालक्ष्म्या म्हणतात, आणि तिथे जेवणावळीचा आकडा पन्नासच्या पुढे सहज जातो. म्हणून “गौरींना किती रजा लागते?” याचं एक उत्तर नाही. आपल्या घरी कोणत्या दिवशी कोणत्या वेळेला माणूस लागतं हे आधी आपल्यालाच स्वच्छ माहीत हवं.

हे माहीत असलं की बोलणी कुठे करता येतील आणि कुठे नाही हे आपोआप दिसतं. पूजनाचा दिवस पूर्ण लागतो, त्यात काटछाट नाही. विसर्जनाला बऱ्याच घरांत दुपारी एक-दोननंतर अर्धा दिवस ऑफिसला देता येतो. आवाहनाचा मुहूर्त कोणत्या वेळेत आहे त्यावर सकाळ किंवा दुपार मोकळी होऊ शकते, पण ती गौरी उभ्या कोण करणार यावर अवलंबून असते. मॅनेजरशी अशी घड्याळाच्या भाषेत बोलणी केली तर तो पाचांतल्या चार वेळा ऐकतो, कारण त्यालाही वेळापत्रकच जमवायचं असतं. लोक उलटं करतात. घाबरून फक्त पूजनाचा दिवस मागतात, आवाहनाच्या संध्याकाळी धावतपळत घरी पोचतात, तोवर सासूने एकटीने एक गौर उभी केलेली असते आणि घरात तोंडं फिरलेली असतात. ज्या दिवशी सगळ्यात जास्त हात लागतात तो आवाहनाचाच दिवस रजेच्या अर्जात नसतो.

मधला मार्ग म्हणून हल्ली पूजनाच्या दिवशी “वर्क फ्रॉम होम घ्या ना” असं सुचवलं जातं. ही तडजोड ऐकायला बरी वाटते आणि सगळ्यात वाईट ठरते. पुरण यंत्रातून काढताना मीटिंगचा आवाज चालू, हाताला कणीक, आणि मधेच “तुम्ही ऐकताय ना?” ऑफिसला वाटतं आपण सवलत दिली. घरच्यांना वाटतं बाई घरात असून नाही. आणि काम जे व्हायचं ते दोन्हीकडचं अर्धवट होतं. त्या दिवशी रजा नाकारायची असेल तर सरळ नाकारावी. रजा आणि हजेरी एकाच दिवसावर लादू नये.

आता एक प्रकरण पूर्ण मांडून पाहू. 2024 हे वर्ष घेऊ, कारण ते सगळ्यात अवघड होतं. पुण्यातल्या एका मध्यम कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करणारी बाई समजा. गौरी आवाहन मंगळवार 10 सप्टेंबर, पूजन बुधवार 11, विसर्जन गुरुवार 12. आणि ऑगस्ट महिन्याच्या विक्रीचं जीएसटीचं पत्रक, जीएसटीआर-1, भरायची शेवटची तारीख 11 सप्टेंबर. नेमका पूजनाचा दिवस. मॅनेजर नाही म्हणणार हे ठरलेलंच, आणि त्याच्या जागेवरून पाहिलं तर त्याची भीती खोटी नाही.

पण ती 11 तारीख शेवटची आहे, एकमेव नाही. महिना संपला की पत्रक कधीही भरता येतं. आपल्याकडे ते शेवटच्या दिवशी भरण्याची सवय आहे, म्हणून त्या दिवशी माणूस जागेवर हवा असं वाटतं. सप्टेंबरचे कामाचे दिवस मोजले तर सोमवार 2 ते शुक्रवार 6 असे पाच, मग शनिवारी 7 ला चतुर्थी, 8 ला रविवार, आणि सोमवार 9 हा सहावा. सहा दिवस पुरेसे आहेत. मात्र हे सहा दिवस आधी आखलेले हवेत. विक्रीची आकडेवारी गुरुवारी 5 ला बंद करायची, शुक्रवारी दुसऱ्याने तपासायची आणि सोमवारी भरायची.

यात दोन ठिकाणी गाडं अडतं. पहिलं, कंपनीचं पत्रक डिजिटल सहीने भरावं लागतं, आणि ती सही अधिकृत व्यक्तीची, बहुधा संचालकाची असते. सगळं तयार असून 9 तारखेला संचालक परगावी असले तर सगळी मेहनत 11 वर येऊन पडते. म्हणून 9 ची दुपार त्यांच्या वहीत आधीच अडवून ठेवायची. दुसरं, घाईत केलेली तपासणी. एखाद्या गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक चुकीचा पडला तर त्याचं क्रेडिट त्याच्या खात्यात दिसत नाही. महिन्याच्या 14 तारखेला त्याचं विवरण तयार झालं की त्याच्याकडून फोन येतो, आणि मग “रजेवर जायच्या घाईत भरलं होतं” हे वाक्य वर्षभर ऐकावं लागतं. रजेच्या आधी झालेली साधी चूकही रजेच्या खात्यावर टाकली जाते. म्हणून शुक्रवारची दुसऱ्या माणसाची तपासणी ही पत्रकासाठी जितकी आहे तितकीच पुढच्या वर्षीच्या रजेसाठी आहे.

हे सगळं डोक्यात ठेवून अर्ज साधारण असा लिहावा:

“सर, आमच्या घरी ज्येष्ठागौरी असतात. यंदा आवाहन मंगळवारी 10, पूजन बुधवारी 11 आणि विसर्जन गुरुवारी 12 सप्टेंबरला आहे. या तारखा पंचांगाने ठरतात, मागेपुढे करता येत नाहीत. या तीन दिवसांची रजा हवी आहे. ऑगस्टचं जीएसटीआर-1 सोमवारी 9 ला भरलं जाईल. आकडेवारी 5 ला बंद होईल आणि 6 ला विभागातले दुसरे सहकारी तपासतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. 9 ला दुपारी संचालकांची सही लागेल. 11 ला मी फोन घेऊ शकणार नाही, 12 ला दुपारी तीननंतर घेईन. 31 जुलैपर्यंत मंजुरी कळली तर घरची व्यवस्था करता येईल.”

या अर्जात श्रद्धेबद्दल एक शब्द नाही, “कृपया” आणि “विनंती” यांचा पाऊस नाही, “आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या” वगैरे नाही. मॅनेजरला ज्या चार गोष्टी हव्यात त्या आहेत: कोणते दिवस, ते हलू शकतात का, मधल्या काळात काम कोण बघणार, आणि उत्तर कधीपर्यंत हवं. शेवटची गोष्ट बहुतेकजण विसरतात. उत्तराची तारीख न घातलेला अर्ज मंजूरही होत नाही आणि नामंजूरही होत नाही, तो नुसता पडून राहतो. ऑगस्टच्या अखेरीला “बघू” असं उत्तर मिळतं, तोवर गावाकडची तिकिटं गेलेली असतात. नागपूरला किंवा नांदेडला थोरल्या दिरांकडे महालक्ष्म्या असतील तर हे जास्तच जाणवतं. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी ते एकशेवीस दिवस होतं. 2025 च्या गौरींसाठी शुक्रवारी 29 ऑगस्टला निघायचं तर जूनच्या अखेरीलाच तिकीट काढायला बसायला हवं होतं. म्हणजे रजेचा होकार जूनच्या मध्यापर्यंत हवा. दोन-अडीच महिने आधी अर्ज करणं उतावळेपणाचं वाटतं, पण त्याचं कारण हे आरक्षण आहे.

तोंडी होकारावर विसंबू नये. “हो हो, घ्या” म्हणणारे साहेब सप्टेंबरपर्यंत बदलून गेलेले असू शकतात. प्रणालीत अर्ज टाकावा, मेल करावा. त्याआधी आपल्या कंपनीचा सँडविच रजेचा नियमही वाचून ठेवावा. काही ठिकाणी दोन रजांच्या मध्ये आलेला रविवारही रजेत मोजतात. 2025 मध्ये फराळासाठी शनिवारची रजा घेऊन सोमवार-मंगळवार जोडला, तर सहा दिवसांच्या आठवड्याच्या ऑफिसात मधला आवाहनाचा रविवार हकनाक खर्ची पडला असता.

सरळ मागून मिळत नाही म्हणून अनेकजण पूजनाच्या सकाळी “ताप आहे” असा मेसेज टाकतात. यात पकडलं जाण्याची भीती आहेच, कारण संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेली कुणीतरी फोटो टाकतेच. पण नुकसान दुसरीकडे जास्त होतं. आजारपणाची रजा खरोखरच्या आजारासाठी उरत नाही. आणि ऑफिसच्या नोंदीत गौरींसाठी कुणी कधी रजा मागितलीच नाही असं दिसतं. एच.आर.ने चार वर्षांच्या नोंदी काढल्या तर त्यांना भाद्रपदात तापाची साथ दिसेल, गौरी दिसणार नाहीत. मग सुट्ट्यांची यादी करताना त्यांनी त्या दिवसांचा विचार का करावा?

तेवढाच प्रामाणिकपणा दुसऱ्या बाजूनेही हवा. सत्यनारायण, वास्तुशांत, उदकशांत यांना मुहूर्त पाहावा लागतो, पण मुहूर्त अनेक असतात आणि रविवारचाही मिळतो. गुरुजींनी बुधवार दिला म्हणून “तारीख ठरलेली आहे” असं सांगू नये, कारण ती आपण ठरवलेली असते. घटस्थापना, कुळधर्माची अष्टमी, वर्षश्राद्धाची तिथी, गौरी, ह्या खरोखर ठरलेल्या आहेत. पितृपक्षातल्या तिथीला जमलं नाही तर सर्वपित्रीचा पर्याय शास्त्रानेच ठेवलाय. गौरींना तसा पर्याय नाही, ज्येष्ठा नक्षत्र पुढच्या रविवारी परत येत नाही. जो माणूस हलवता येणारं हलवतो, त्याचं “हे हलवता येत नाही” लोक मानतात.

आता मॅनेजरची खरी डोकेदुखी. आठजणांच्या टीममध्ये पाचजणांच्या घरी गौरी असतील तर? कोकणातली माणसं भरपूर असलेल्या मुंबईतल्या विभागांत हे दर वर्षी होतं. ज्येष्ठतेने वाटप करणं ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अन्यायाची पद्धत, कारण नव्या सुनेला घरी सगळ्यात कमी मुभा असते आणि ऑफिसातही तीच शेवटची ठरते. “यंदा तुम्ही, पुढच्या वर्षी त्या” हेही चालत नाही, कारण गौरी वर्षाआड येत नाहीत. चालतं ते तासांचं वाटप. पाचहीजणांना कोणत्या दिवशी कोणती वेळ अटळ आहे ते जुलैमध्ये लिहून मागावं. खड्याच्या गौरी असलेल्याला आवाहनाचा अर्धा दिवस पुरतो, उभ्याच्या गौरींना पूर्ण लागतो, एखाद्याकडे गौरी थोरल्या भावाकडे असतात आणि त्याला फक्त पूजनाला जेवायला जायचं असतं. असं मांडलं की पाच माणसांची पंधरा दिवसांची मागणी बरीच खाली येते. पूजनाच्या दिवशी जे उरलेले तिघे ऑफिस सांभाळतात त्यांचे सणही त्याच वहीत लिहिलेले असावेत. ईदला, नाताळला, बुद्धपौर्णिमेला, संवत्सरीला, छठला त्यांना विचारावं न लागता दिवस मोकळा मिळाला पाहिजे. गौरींच्या रजेला माझा पाठिंबा याच अटीवर आहे. आपल्या सणाला कुळाचार म्हणायचं आणि दुसऱ्याच्या सणाला “त्यांचं काहीतरी असतं” म्हणायचं, असं असेल तर मग कुणालाच काही नको.

“धर्म घरी ठेवा, ऑफिसात आणू नका” असं म्हणणारे भेटतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि नेमकं त्याचसाठी रजा हवी आहे. गौरी घरीच असतात. ऑफिसच्या रिसेप्शनमध्ये मखर उभारणं, सगळ्यांना फेटे बांधून फोटो काढणं, वर्गणी गोळा करणं, ह्याला ऑफिसं हौसेने वेळ देतात. धर्म ऑफिसात येतो तो असा. घरच्या देवाला घरी वेळ द्यायचा तर मात्र घासाघीस. मॅनेजरने विचारायचं ते एवढंच की काम कोण बघणार. घरात दुसरं कोणी करणारं नाही का, तुम्ही एवढं मानता का, हे विचारण्याचा त्याला काही अधिकार नाही.

रजेच्या अर्जापेक्षा जास्त काम होतं ते सुट्ट्यांच्या यादीपाशी. महाराष्ट्रातल्या दुकानं आणि आस्थापनांच्या 2017 च्या कायद्यात वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या आहेत. शिवाय आठ दिवसांची नैमित्तिक रजा आहे, जी वर्षात वापरली नाही तर जाते. पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकीय पदांवरच्यांना हा कायदा लागू नाही, पण बहुतेक कंपन्या सगळ्यांसाठी एकच यादी करतात. “आपसात ठरवायच्या” ही तरतूद किती ऑफिसांत पाळली जाते? डिसेंबरात एच.आर. मागच्या वर्षीची यादी उघडतं, तारखा बदलतं आणि मेलला जोडून पाठवून देतं. कुणी काही बोललं नाही म्हणजे सगळ्यांनी मान्य केलं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना एका मोठ्या यादीतून दोन सुट्ट्या स्वतः निवडता येतात. खासगी ऑफिसांनी तेवढंच केलं, वर्षाला दोन दिवस कारण न विचारता आणि जानेवारीत निवडून ठेवायचे, तरी वर काढलेली सरासरी भरून निघते. ज्याला गौरी नाहीत तो ते दुसरीकडे वापरेल. तीन रजांच्या वर्षी एखादी नैमित्तिक घालायची.

एका गोष्टीवर मात्र ऑफिसला दोष देऊन चालणार नाही. गौरींच्या रजेचे अर्ज काढून पाहिले तर ते बहुतेक बायकांचे असतात. त्याच घरातला मुलगा, ज्याच्या कुळाचा हा आचार आहे, तो पूजनाला दुपारी दोनपर्यंत ऑफिसात असतो आणि पंगतीला येतो. सुनेच्या आठ नैमित्तिक रजांपैकी तीन गौरींना, दोन नवरात्राला, एखादी सासऱ्यांच्या श्राद्धाला, उरलेल्या अशाच घरच्या कामांना, आणि तिला स्वतःला वर्षाअखेर डोळे तपासायला जायला रजा उरत नाही. कोठ्या माळ्यावरून काढणं, मखराचे दिवे, केळीचे खुंट, पंगती वाढणं, विसर्जनानंतर सगळं परत बांधून ठेवणं, यातलं पुरुषांना न जमणारं काय आहे? ज्या घरात पाळी पाळतात तिथे तर ऐन पूजनाच्या पहाटे सगळा स्वयंपाक दुसऱ्याच्या अंगावर पडू शकतो, आणि त्या वेळी दुसरं माणूस रजेवर नसेल तर पंचाईत होते. नवऱ्याने आवाहनाची आणि तिने विसर्जनाची अर्धी रजा सोडली, पूजनाला दोघं घरी, असं वाटून घेतलं तर 2024 सारख्या वर्षीही कुणा एकाच्या तीन रजा जात नाहीत. पुरुषांचे अर्ज यायला लागले की मॅनेजरलाही हा “बायकांचा सण” वाटेनासा होईल.

रजा मंजूर झाल्यावर घरात सुतक आलं तर त्या वर्षी गौरी बसत नाहीत. अशा वेळी रजा परत करावी आणि तसं कळवावं. काहीजण ती तशीच घेतात, कारण मंजूर झालेलीच आहे. परत केलेल्या रजेची प्रणालीत नोंद राहते. पुढच्या वर्षी साहेब बदललेले असले तरी ती नोंद तिथे असते. नव्या वर्षाची पंचांगं आणि दिनदर्शिका दिवाळीच्या सुमारास दुकानात येतात. एच.आर.ची सुट्ट्यांची यादी त्यानंतर महिन्या-दीड महिन्याने निघते. गौरींचे तीन दिवस कोणत्या वारी आहेत ते बघून एच.आर.ला मेल करायची वेळ तीच.